अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस तारीख नव्हे

२० मार्चला आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी महाड सत्याग्रहाचा कार्यक्रम असतो. २०२५ साली त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी वंदना झाली, भाषणाला अजून वेळ होता आणि आम्ही सतरंज्या टाकत होतो. तेवढ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा लंगडत आत आला. पोटरीवर कापड बांधलेले होते आणि कापडाच्या कडेला हळद दिसत होती. आम्ही विचारले, काय झाले? आई म्हणाली, "कुत्रं चावलं रविवारी. पण इंजेक्शनं झाली. चारातली तीन झाली, एक राहिली. ती अठ्ठावीसला."

रविवार ते गुरुवार या चार दिवसांत चारपैकी तीन इंजेक्शने कशी होतील? आम्ही केसपेपर मागितला. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. पहिल्यावर इंग्रजीत एआरव्ही असे लिहिले होते आणि खाली एका रांगेत डी ०, डी ३, डी ७, डी २८. पहिल्यासमोर १७ मार्च आणि सही, बाकीच्या तिन्हींसमोर काहीच नाही. दुसरा कागद चार घड्या घातलेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी 'आरआयजी'साठी पाठवत आहोत, एवढीच त्यावर एक ओळ.

तिचा हिशेब असा होता. रविवारी संध्याकाळी कुत्रे चावले तेव्हा कोपऱ्यावरच्या खाजगी दवाखान्यात नेले, तिथे एक इंजेक्शन दिले. सोमवारी सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांत एकेक टोचले. एक अधिक दोन, तीन. सिस्टरने सांगितले होते की एकूण चार आहेत आणि शेवटचे अठ्ठावीसला. म्हणजे उरले एक, २८ मार्चला. बेरीज बरोबर होती. आकडे चुकीचे समजावले गेले होते.

रविवारचे इंजेक्शन धनुर्वाताचे होते. ते जखमेसाठी हवेच, पण कुत्र्याच्या रोगाशी त्याचा संबंध नाही. सोमवारी दोन दंडांत दिलेली दोन इंजेक्शने मिळून एकच डोस होता. आणि डी २८ म्हणजे पहिल्या डोसानंतरचा अठ्ठाविसावा दिवस, महिन्याची २८ तारीख नव्हे. खरा हिशेब मांडला तर त्या मुलाचा फक्त एक डोस झाला होता आणि दुसरा नेमका त्या दिवशी, २० मार्चला होता. ती विहारात आली नसती तर दुसरा गेला असता, २४ मार्चचा तिसराही गेला असता.

घडी घातलेल्या चिठ्ठीचे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "ते जखम चिघळली तर दाखवायचं ना?"

भाषण दुसऱ्या कार्यकर्त्यावर सोपवून आम्ही दोघे मायलेकांना घेऊन निघालो. पुढे काय झाले ते सांगतोच, पण आधी ती चिठ्ठी किती महत्त्वाची होती ते सांगायला हवे. कुत्र्याच्या लाळेतला रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला पोचायला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात आणि आपल्या हातात असतो तो एवढाच काळ. लक्षणे सुरू झाली की जवळपास कुणीच वाचत नाही. लस शरीराला स्वतःचे संरक्षण तयार करायला शिकवते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे जातात. या मधल्या दिवसांत जखम उघडी असते आणि शरीराकडे लढायला काही नसते. म्हणून रक्त निघालेल्या जखमेत आयते तयार संरक्षण टोचतात, तेच इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला दवाखान्यात सगळे सिरम म्हणतात. ते दंडात नव्हे, जखमेत आणि जखमेच्या भोवती देतात. लसीच्या पहिल्या डोसाबरोबर ते मिळायला हवे. राहिले तर सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लस काम करू लागलेली असते. आमच्याकडे त्या सातातले तीन दिवस गेले होते.

सरकारी दवाखान्यात दुसरा डोस साडेदहाला झाला. तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला दुपार झाली. मुलाचे वजन केले, २२ किलो. घोड्यापासून तयार केलेले सिरम किलोला ४० युनिट या हिशेबाने देतात, म्हणजे ८८० युनिट, जेमतेम तीन मिलिलिटर. डॉक्टरांनी आधी पोटरीची हळद धुऊन काढली आणि ते औषध दातांच्या खुणांत थोडे थोडे भरले. पोरगे खूप ओरडले. अर्धा तास बसवून ठेवले आणि सोडले. परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, आजचा रोज बुडाला. दुसरे काही बोलली नाही.

आमच्यातल्या एकाने एमएला असताना आरोग्य या विषयावर प्रबंधिका लिहिली होती. तीत 'जनजागृतीचा अभाव' हा शब्दप्रयोग किती वेळा आला आहे ते आम्ही नंतर मोजले, पण आकडा इथे देत नाही. हा शब्दप्रयोग सोयीचा आहे. तो एकदा वापरला की दोष वाचणाऱ्याचा ठरतो आणि लिहिणारा सुटतो. ही बाई जागृत नव्हती का? चावल्यावर अर्ध्या तासात तिने पोराला डॉक्टरकडे नेले, दुसऱ्या दिवशी रोज बुडवून सरकारी दवाखाना गाठला, कागद पिशवीत जपून ठेवले, बेरीज केली. तिला जे सांगितले गेले ते तिने शब्दशः पाळले. मग सांगणेच तपासले पाहिजे. सिस्टरलाही आम्ही दोष देत नाही, तिच्यासमोर साठ माणसांची रांग होती. पण रांगेसमोर दोन वाक्येच बोलता येत असतील तर ती दोन वाक्ये कोणती, हे कुणीतरी आधी ठरवून द्यायला हवे होते.

त्या आठवड्यात आम्ही चौघे विहारात बसलो आणि कुत्रा चावल्यावर काय करायचे याचा एक कागद तयार करायला घेतला. समोर दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचनेचा मोबाईलवर काढलेला फोटो होता. तिची पहिली ओळ अशी: 'श्वानदंश झाल्यास प्रतिबंधक लस नियत कालावधीत टोचून घ्यावी, तत्पूर्वी जखम साबण व वाहत्या पाण्याने प्रक्षालित करावी.' मजकुरात काहीही खोटे नाही. पण सगळ्यात आधी करायचे काम सगळ्यात शेवटी लिहिले आहे आणि 'तत्पूर्वी' या एका शब्दावर सगळा भार टाकला आहे. तो शब्द ज्याला कळला नाही त्याने आधी लस घेतली आणि घरी येऊन जखम धुतली. त्याखालची दुसरी ओळ: 'कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे.' वस्तीत विचारल्यावर कळले की दोन-तीन घरांनी हे वाक्य अक्षरशः पाळले होते. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले, ते मेले नाही, म्हणून दवाखान्यात गेलेच नाहीत. त्यांचे नशीब चांगले म्हणायचे.

म्हणून पहिला नियम आम्ही असा केला: जे आधी करायचे ते आधी लिहायचे, आणि एका वाक्यात एकच काम. आमच्यातला एक जण म्हणाला, बावीस प्रतिज्ञांसारखे करा. थट्टेत म्हणाला, पण मुद्दा बरोबर होता. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी त्या प्रतिज्ञा मागून म्हटल्या. त्यातल्या किती जणांना वाचता येत होते? तरी त्या म्हणता आल्या, कारण वाक्य छोटे, बोलणारा 'मी', आणि काय करणार किंवा करणार नाही ते स्पष्ट. आमच्या कागदाची परीक्षाही आम्ही तशीच ठेवली. वाक्य मोठ्याने म्हणायचे, समोरच्याने मागून म्हणायचे, आणि मग त्याने ते करून दाखवायचे. परीक्षक म्हणून वस्तीतल्या एक आजी बसल्या. त्यांना वाचता येत नाही आणि त्या कुणाची भीडही ठेवत नाहीत.

धुण्यापासून सुरुवात केली. नियम आहे: साबण आणि वाहते पाणी, १५ मिनिटे. आजींनी विचारले, "वाहतं पाणी म्हणजे नदीचं?" वस्तीत नळ एक दिवसाआड येतो, तोही पहाटे. वाहते पाणी म्हणजे नळाची धार, हे ज्याच्या घरात नळ आहे त्यालाच सुचते. आम्ही लिहिले: तांब्याने वरून धार सोडत राहा. मग प्रत्यक्ष करून पाहिले. एकाने पाय पुढे केला, दुसऱ्याने बारीक धार धरली. पंधरा मिनिटांना दीड बादली पाणी लागले. दोनच मिनिटांत धार धरणारा म्हणाला, झाले असेल ना? पंधरा मिनिटे किती लांब असतात ते तेव्हा कळले. घड्याळ बघत कोण धुणार, पोर रडत असताना? आजींच्या नातवानेच तोड काढली: मोबाईलवर गाणी लावा. एक भीमगीत साधारण पाच मिनिटांचे, तीन गाणी संपेपर्यंत धार थांबवायची नाही.

एवढा वेळ का, हेही लिहायचे का यावर वाद झाला. शेवटी एकच वाक्य ठेवले. या विषाणूचे वरचे आवरण चरबीचे असते आणि साबण जसा भांड्यावरचा तेलकटपणा काढतो तसे ते आवरण फोडतो. नुसत्या पाण्याने लाळ वाहून जाते, साबणाने विषाणू मरतो. भांडी घासणाऱ्या बाईला हे एका दमात पटले. साबण कोणताही चालतो, कपड्याचाही. जखम घासायची नाही, फेस आत जाऊ द्यायचा. चावून चार तास झाले असतील, दुसरा दिवस उजाडला असेल, तरीही धुवायचे. उशीर झाला म्हणून धुणे रद्द होत नाही.

हळद हा नाजूक विषय निघाला. कुणी हळद लावते, कुणी मिरचीची पूड, कुणी चुना, कुणी रॉकेल. 'अंधश्रद्धा' म्हणून झोडपणे आम्हाला सोपे होते, आणि आमच्या ब्लॉगवर तसे लेख कमी नाहीत. पण त्या आईने हळद लावली ती अंधश्रद्धेने नव्हे, बोट कापले की तिची आई तेच करायची म्हणून. मिरची, चुना, रॉकेल यांनी जखम आणखी सोलते आणि सोललेल्या जागेतून विषाणूला मज्जातंतूंपर्यंत वाट मिळते. हळदीचा लेप बसला की साबण आत पोचत नाही. म्हणून कागदावर आम्ही 'लावू नका' एवढेच लिहून थांबलो नाही, 'कुणी लावलं असेल तर तेही धुऊन टाका' हे जोडले. ज्याने आधीच लावले आहे त्याला पुढची पायरी हवी असते, बोलणी नकोत.

यानंतर आमची स्वतःची चूक. रेबीजच्या नियमात जखमांचे तीन वर्ग आहेत. अख्ख्या कातडीवर नुसते चाटले तर धुणे पुरे. रक्त न येता ओरखडा किंवा दात लागला तर धुणे आणि लस. रक्त आले, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर धुणे, लस आणि सिरम. वर्ग एक-दोन-तीन हे लक्षात राहणार नाही म्हणून आम्ही ऐटीत लिहिले: 'रक्त आलं असेल तर लस आणि सिरम घ्या.' आजींनी वाक्य मागून म्हटले आणि म्हणाल्या, "मग रक्त नाही आलं तर सुटलो." आमच्या वाक्याने दुसरा अख्खा वर्ग पुसून टाकला होता. सोपे करताना हेच होते. जे कापले ते नेमके कुणाच्या तरी जखमेचे असते. वाक्य बदलून दोन केली: ओरखडा आला, रक्त नाही, तरी लस हवीच. रक्त आले तर लसही हवी आणि सिरमही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दिवसांत. सरकारी दवाखान्यात आता बहुतेक ठिकाणी कातडीत देतात: प्रत्येक वेळी दोन्ही दंडांत पॉइंट एक मिलिलिटर, आणि हे चार वेळा, पहिल्या दिवसापासून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. कातडीवर मटकीएवढा फुगा येतो, तो यायलाच हवा. खाजगीत बहुधा स्नायूत देतात, एका वेळी एकच, पण पाच वेळा: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण शेजारणीच्या भावाला पाच दिली आणि तुझ्या पोराला चारच, म्हणजे सरकारवाले फसवतात, हे भांडण वस्तीत झालेले आहे. आम्ही कागदावर फक्त सरकारी दवाखान्याची पद्धत ठेवली आणि 'डोस', 'इंजेक्शन', 'सुई' हे तिन्ही शब्द मोजण्यासाठी वापरायचे नाहीत असे ठरवले. मोजायची ती फेरी. चार फेऱ्या. एका फेरीत किती वेळा टोचले ते सिस्टर बघेल.

आता 'डी ३' मराठीत कसे लिहायचे? 'तिसऱ्या दिवशी' असे लिहिले. आजींनी बोटे मोडून मोजले: सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. "बुधवारी जायचं." खरी फेरी गुरुवारी. आपल्याकडे दिवस मोजताना सुरुवातीचा दिवस धरतात, तेरावा तसाच मोजतात. आपण तेरावा सोडला, मोजणी कुठे सोडली! मग लिहिले 'सात दिवसांनी'. त्यातही घोळ, कारण बोलण्यात आपण आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतो आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. डॉक्टरांच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या मोजणीला मराठीत सरळ प्रतिशब्दच नाही. 'शून्य दिवस' म्हटल्यावर आजी हसल्याच.

तेव्हा आमच्यातल्या कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या मुलीने कॅलेंडर काढले आणि म्हणाली, आकडे सोडा, वार बघा. सात आणि अठ्ठावीस दोघांनाही सातने भाग जातो. म्हणजे पहिली, तिसरी आणि चौथी फेरी नेहमी एकाच वारी येणार. सोमवारी पहिली घेतली तर तिसरी पुढच्या सोमवारी, आणि त्यानंतर तीन सोमवार गेले की तिसऱ्या सोमवारी चौथी. वेगळी पडते ती फक्त दुसरी, आणि ती सोमवारवाल्यांना गुरुवारी. आपल्या मुलाच्या तारखा घातल्या: १७ मार्च सोमवार, २० मार्च गुरुवार, २४ मार्च सोमवार, १४ एप्रिल सोमवार. आजींनी एकदा ऐकून म्हणून दाखवले: "सोमवार, गुरुवार, सोमवार, आणि महिनाभरानं परत सोमवार." कागद तपासायची खूणही यातच मिळाली. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीत एकच वार नसेल तर कुठेतरी तारीख चुकली आहे. मग आम्ही कागदाच्या खाली चार रिकाम्या चौकटी छापल्या, प्रत्येकीत तारीख आणि वार. त्या चारही पहिल्याच दिवशी भरून घ्यायच्या, पुढच्या वेळी बघू असे नाही.

सुटीचा प्रश्न लगेच उभा राहिला, कारण १४ एप्रिल! बाबासाहेबांच्या जयंतीला बाह्यरुग्ण विभाग बंद. गुरुवारी पहिली फेरी झालेल्यांची दुसरी तर रविवारीच येते. पहिल्या दिवशीच विचारून ठेवायचे की सुटीच्या दिवशी लस कुठे मिळेल. मिळत नसेल तर लगेच दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी नाही. फेरी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेली लगेच घ्यायची आणि पुढच्या तारखा सिस्टरकडून नव्याने लिहून घ्यायच्या. हे वाक्य फार गरजेचे आहे. एकदा चुकले म्हणजे सगळे वाया गेले, आता जाऊन काय उपयोग, असे समजून माणसे कोर्स सोडतात.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे. ती खोटी नाही, जुनी आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या शेवटी बंद झाली. आजींच्या धाकट्या भावाला ती दिलेली त्यांना आठवते, म्हणून पोटात काही टोचत नाहीत असे आम्ही मुद्दाम लिहिले.

मसुदा आम्ही दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवला. तिने दोन जागी पेन चालवले. एक, ज्यांचा आधी कधी पूर्ण कोर्स झाला आहे त्यांनी ते सांगायचे, कारण त्यांना सिरम लागत नाही आणि शून्य व तीन अशा दोनच फेऱ्या पुरतात. वस्तीतल्या सफाई कामगारांना वर्षाआड कुत्रे चावते. त्यांनी जुना केसपेपर फेकला नाही तर त्यांच्या दोन फेऱ्यांचा रोज वाचतो. दुसरे, जखम मोठी दिसली म्हणून खाजगीत टाके घालून घ्यायचे नाहीत. टाके घालावेच लागले तर आधी सिरम, मग टाके. मग कागद असा झाला:

कुत्रं चावलं किंवा नख लागलं तर:
१. आधी जखम धुवा. साबण लावा, वरून पाण्याची धार सोडा. तीन गाणी संपेपर्यंत थांबू नका.
२. हळद, मिरची, चुना, तेल, रॉकेल लावू नका. कुणी लावलं असेल तर तेही धुऊन टाका. कापड घट्ट बांधू नका.
३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. ओरखडा आला, रक्त नाही, तरी जा.
४. रक्त आलं असेल तर विचारा: "जखमेत द्यायचं सिरम इथे आहे का?" दुसरीकडे पाठवलं तर त्याच दिवशी तिकडे जा.
५. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. ते या मोजणीत धरू नका.
६. लसीच्या चार फेऱ्या. दोन्ही दंडांत टोचलं तरी एकच फेरी. पोटात टोचत नाहीत. चारही तारखा आजच खाली लिहून घ्या.
७. फेरी चुकली तर लगेच जा. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.
८. आधी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर जुना कागद दाखवा.
९. हे सगळं सुरू झाल्यावर कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष ठेवा. त्याला मारू नका. ते मेलं, आजारी पडलं किंवा दिसेनासं झालं तर दवाखान्यात सांगा. ते धडधाकट असलं तरी स्वतःच्या मनानं फेऱ्या बंद करू नका.

नवव्या ओळीवर आमच्यात एकमत झाले नाही. एक जण म्हणतो, ती काढून टाका. भटके कुत्रे दहा दिवस कोण शोधत बसणार, आणि पुन्हा कुणीतरी तिचाच आधार घेऊन घरी थांबेल. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण कुत्रे मेल्याची बातमी डॉक्टरांना हवी असते, त्याच कुत्र्याने आणखी दोघांना चावले असेल तर त्यांनाही शोधावे लागते. म्हणून ओळ ठेवली, पण तळाशी ढकलली.

कागदाच्या दोनशे प्रती काढल्या. सिस्टरने पन्नास ठेवून घेतल्या आणि आता ती पहिल्या फेरीलाच चार चौकटी भरून देते. सत्तेचाळीस सेकंद लागतात, आमच्या मुलीने मोजले. रांगेतले लोक कुरकुरतात.

त्या मुलाची तिसरी फेरी २४ मार्चला झाली. १४ एप्रिलला दवाखाना बंद होता, तो मिरवणुकीत लेझीम खेळला, आणि १५ तारखेला सकाळी आईने त्याला चौथ्या फेरीला नेले. जाताना तिने विहारात थांबून कागद दाखवला, चौथ्या चौकटीत आम्ही आधीच '१४ सुटी, १५ मंगळवार' लिहून ठेवले होते. परत येताना तिच्याबरोबर शेजारची एक बाई होती. तिला शेतात माकड चावले होते आणि कागदावर तर फक्त कुत्रे लिहिलेले. आम्ही पेन घेऊन उरलेल्या प्रतींवर पहिल्या ओळीत 'कुत्रं, मांजर, माकड' असे लिहीत बसलो, आणि ती बाई बादली घेऊन धुवायला बसली.